पैसे गेले, पावती आली नाही

गुरुवार, १४ ऑगस्ट २०२५, रात्रीचे पावणेबारा. इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेली एक विद्यार्थिनी वडिलांच्या फोनवरून कॉलेजच्या पोर्टलवर ४२,३५० रुपये फी भरायला बसते. यूपीआयचा पिन टाकला जातो, पडद्यावर चक्र फिरत राहतं आणि थोड्या वेळाने ‘सेशन संपलं’ असा संदेश येतो. पाठोपाठ बँकेचा एसएमएस येतो: खात्यातून ४२,३५० रुपये वजा. पोर्टलवर पुन्हा लॉगिन करून पाहिलं, तर फीच्या रकान्यात Pending. पावतीचं बटण कुठेच नाही. दुसऱ्या दिवशी स्वातंत्र्यदिनाची सुट्टी, शनिवारनंतर रविवार, आणि फी भरण्याची शेवटची तारीख सोमवार, १८ ऑगस्ट.

हा प्रसंग समजावून सांगण्यासाठी रचलेला आहे, त्यातले आकडेही उदाहरणादाखल आहेत. पण प्रवेशाच्या आणि परीक्षेचे अर्ज भरण्याच्या दिवसांत फीच्या काउंटरसमोर थोडा वेळ उभं राहिलं, तरी अशी तक्रार घेऊन आलेलं कुणी ना कुणी भेटतं. पालक फोन पुढे करून एसएमएस दाखवतात. खिडकीपलीकडचे क्लार्क कॉम्प्युटरकडे पाहून म्हणतात, ‘आमच्याकडे आलेले नाहीत.’ पालकांना वाटतं कॉलेज टाळाटाळ करतंय, क्लार्कना वाटतं पालक ऐकूनच घेत नाहीत. बहुतेक वेळा दोघंही आपापल्या पडद्यावर दिसतं तेच सांगत असतात.

असं का होतं, हे कळण्यासाठी पैशांचा प्रवास पाहायला हवा. पोर्टलवर ‘पे नाऊ’ दाबलं की कॉलेजची संगणक प्रणाली त्या व्यवहाराला एक ऑर्डर क्रमांक देते आणि विद्यार्थ्याला पेमेंट गेटवेच्या पानावर पाठवते. गेटवे म्हणजे कॉलेजच्या वतीने पैसे गोळा करणारी मधली कंपनी किंवा बँकेची सेवा. तिथून मागणी यूपीआय ॲपकडे किंवा बँकेकडे जाते. पिन बरोबर असेल तर बँक खात्यातून रक्कम वजा करते आणि ‘झालं’ असा निरोप गेटवेला देते. गेटवे तो निरोप कॉलेजच्या प्रणालीला देतो, आणि तो पोहोचल्यावरच पावती तयार होते.

म्हणजे पैसे आणि पैशांचा निरोप यांचे रस्ते वेगळे आहेत. मध्येच मोबाइलचं नेटवर्क गेलं, घाईने ‘बॅक’ दाबलं, फोन आला आणि ब्राउझर बंद पडला, शेवटच्या दिवशीच्या गर्दीत कॉलेजचा सर्व्हर दमला, तर निरोप वाटेत हरवतो. पैसे मात्र आपल्या रस्त्याने पुढे गेलेले असू शकतात. चांगल्या पोर्टलमध्ये गेटवेचा सर्व्हर विद्यार्थ्याच्या ब्राउझरवर विसंबून न राहता थेट कॉलेजच्या सर्व्हरला वेगळा निरोप धाडतो. शिवाय अडकलेल्या ऑर्डरींची चौकशी ठरावीक वेळाने आपोआप होते. जिथे ही सोय केलेली नसते, किंवा केलेली असूनही बंद पडलेली असते, तिथे Pending तसंच राहतं.

निरोप अडकला की पैशांच्या बाबतीत तीन शक्यता उरतात. पहिली, पैसे गेटवेपर्यंत पोहोचले आहेत आणि गेटवेच्या नोंदीत व्यवहार यशस्वी आहे, फक्त कॉलेजच्या नोंदीत तो चढलेला नाही. दुसरी, बँकेने रक्कम वजा केली, पण ती पुढे जमा झालीच नाही. असे पैसे परत यायचे असतात. तिसरी, पैसे गेटवेला उशिरा मिळाले आणि तोवर ती ऑर्डर रद्द झालेली होती. अशा वेळी गेटवे ते विद्यार्थ्याच्या खात्यात परत पाठवू शकतो, किंवा कॉलेजने मंजुरी दिली तर ठेवून घेऊ शकतो. तिन्हींमध्ये विद्यार्थ्याला एकच एसएमएस आलेला असतो. म्हणून एसएमएस दाखवून फार काही साधत नाही. पैसे खात्यातून निघाले, एवढंच त्याने सिद्ध होतं. ते कुठे पोहोचले, याबद्दल तो काहीच सांगत नाही.

स्क्रीनशॉट न स्वीकारण्यामागे कॉलेजकडे आणखी एक कारण असतं. हुबेहूब यशस्वी व्यवहारासारखं चित्र दाखवणारी बनावट पेमेंट ॲप्स बाजारात आहेत, आणि दुकानदारांना त्यांनी फसवल्याच्या बातम्या येत असतात. लेखा विभागाला चित्रापेक्षा क्रमांक हवा असतो, कारण क्रमांक त्यांना स्वतःच्या नोंदीत शोधता येतो.

मग पहिलं काम म्हणजे क्रमांक गोळा करणं. यूपीआयने पैसे भरले असतील तर प्रत्येक व्यवहाराला बारा आकडी संदर्भ क्रमांक मिळतो. त्याला आरआरएन म्हणतात. ॲपमध्ये तो ‘यूपीआय ट्रान्झॅक्शन आयडी’ किंवा ‘यूपीआय रेफरन्स नंबर’ या नावाने दिसतो, काही ॲप्स त्यालाच यूटीआर म्हणतात. आपल्या उदाहरणात समजा तो 522698471306 आहे. या क्रमांकाची सुरुवात बहुधा अर्थपूर्ण असते. पहिला आकडा वर्षाचा शेवटचा आकडा असतो आणि पुढचे तीन आकडे वर्षातला कितवा दिवस ते सांगतात. इथे ५ म्हणजे २०२५, आणि २२६ म्हणजे वर्षातला दोनशे सव्विसावा दिवस, अर्थात १४ ऑगस्ट. एकाच आठवड्यात दोन-तीनदा पैसे भरायचा प्रयत्न झाला असेल, तर कोणता क्रमांक कोणत्या दिवसाचा हे ओळखायला याचा उपयोग होतो.

दुसरा क्रमांक गेटवेचा. तो आरआरएनपेक्षा वेगळा असतो, आणि कॉलेजच्या दृष्टीने तोच जास्त कामाचा. यशस्वी व्यवहाराचा ईमेल गेटवेकडून पैसे भरणाऱ्याला बऱ्याचदा येतो, म्हणून पोर्टलवर दिलेल्या ईमेल खात्यातला स्पॅम विभागही तपासावा. वडिलांच्या फोनवरून पैसे भरले पण ईमेल मुलीचा दिलेला होता, असं असेल तर तो ईमेल मुलीच्या खात्यात शोधावा लागेल. पोर्टलवर ‘ट्रान्झॅक्शन हिस्टरी’ असेल तर Pending असलेल्या ओळीसमोरच ऑर्डर क्रमांक असतो. तोही सापडला नाही, तर ब्राउझरची हिस्टरी उघडून त्या वेळेची पानं पाहावीत. पत्त्याच्या लांबलचक ओळीत कधी कधी ऑर्डर क्रमांक राहिलेला असतो.

तिसरा पुरावा म्हणजे बँकेचं स्टेटमेंट. त्या दिवसाच्या नोंदीच्या तपशिलात आरआरएन, रक्कम आणि पैसे कोणाच्या नावे गेले ते छापलेलं असतं. इथे पुष्कळ पालक दचकतात, कारण त्या ओळीत कॉलेजचं नाव नसून गेटवे कंपनीचं नाव असू शकतं. गेटवेमार्फत पैसे गेले की असंच होतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. नेट बँकिंगवरून डाउनलोड केलेलं पीडीएफ बहुतेक ठिकाणी पहिल्या तक्रारीला पुरतं. कॉलेजने मागितलं तर शाखेतून शिक्का-सहीचं स्टेटमेंट घ्यावं. ज्या तारखेचा व्यवहार आहे तिथपासून तक्रारीच्या दिवसापर्यंतच्या नोंदी त्यात असाव्यात, म्हणजे मधल्या काळात पैसे परत आलेले नाहीत हेही त्याच कागदावर दिसतं. ही दुसरी बाजू पालक हमखास विसरतात, आणि कॉलेजला तिचीच शंका असते. घरखर्चाच्या बाकीच्या ओळी झाकल्या तरी चालतं, पण खात्यावरचं नाव, खाते क्रमांकाचे शेवटचे आकडे, तारखा आणि कोणत्याही जमा रकमा झाकू नयेत.

स्टेट बँकेच्या ‘स्टेट बँक कलेक्ट’ या सेवेतून फी घेणाऱ्या कॉलेजांच्या विद्यार्थ्यांना एक सोपी वाट आहे. तिथल्या व्यवहाराला DU या अक्षरांनी सुरू होणारा संदर्भ क्रमांक मिळतो, आणि संकेतस्थळावर Payment History नावाचा विभाग आहे. पैसे भरताना दिलेली जन्मतारीख, मोबाइल क्रमांक आणि व्यवहाराची तारीख टाकली की जुने व्यवहार दिसतात, आणि यशस्वी व्यवहाराची पावती पुन्हा छापता येते. पावती ‘आली नाही’ असं वाटणाऱ्या काही प्रकरणांत ती तयार झालेलीच असते, फक्त पान बंद झाल्यामुळे हातात पडलेली नसते.

आता कॉलेजची बाजू पाहू, कारण खरी गाठ तिथेच बसते. पेमेंट ॲग्रिगेटर म्हणून काम करणाऱ्या कंपन्यांसाठी रिझर्व्ह बँकेने १७ मार्च २०२० रोजी नियम जारी केले. त्यांनुसार गोळा झालेले पैसे या कंपन्यांना स्वतःच्या पैशांत मिसळता येत नाहीत. ते एस्क्रो खात्यात वेगळे ठेवावे लागतात आणि तिथून कॉलेजला द्यावे लागतात. हे पैसे विद्यार्थीनिहाय सुटे जात नाहीत. शंभर-दोनशे विद्यार्थ्यांची रक्कम एकत्र करून, बहुधा एक-दोन कामकाजाच्या दिवसांनी, कॉलेजच्या खात्यात एकरकमी जमा होते. लेखा विभागाने बँकेचं स्टेटमेंट उघडलं, तर १८ ऑगस्टच्या तारखेला समजा १८ लाखांची एकच नोंद दिसेल. त्यात कोणाचंही नाव नाही, ४२,३५० हा आकडाही नाही.

‘आमच्या खात्यात दिसत नाही’ या वाक्याचा उगम पुष्कळदा इथे असतो. क्लार्कने शोधलेलं असतं, पण चुकीच्या कागदावर. शोधायला हवं ते गेटवेच्या डॅशबोर्डवर किंवा गेटवे पाठवतो त्या सेटलमेंट रिपोर्टमध्ये. एकरकमी जमा झालेल्या रकमेत कोणकोणते व्यवहार आहेत, त्याची ओळीवार यादी त्या रिपोर्टमध्ये असते. त्यात ऑर्डर क्रमांक, गेटवेचा क्रमांक, रक्कम आणि सेटलमेंटची तारीख दिलेली असते, आणि बहुधा आरआरएनही. म्हणून विद्यार्थ्याने ‘माझे पैसे आले का बघा’ असं विचारण्यापेक्षा ‘या ऑर्डर क्रमांकाची गेटवेवर स्थिती काय आहे, आणि तो सेटलमेंट रिपोर्टमध्ये आहे का’ असं विचारावं. प्रश्न असा मांडला की क्लार्कलाही कोणाकडे जायचं ते कळतं. काही कॉलेजांत डॅशबोर्डचा पासवर्ड लेखापालाकडे असतो, काही ठिकाणी पोर्टल चालवणाऱ्या बाहेरच्या कंपनीकडे. काउंटरवरच्या माणसाकडे तो असेलच असं नाही.

हे तोंडी बोलून थांबू नये. कॉलेजच्या लेखा विभागाला ईमेल करावा, आणि त्याचीच छापील प्रत देऊन आपल्या प्रतीवर पोच घ्यावी. अर्ज लांबलचक नको. उदाहरणातल्या विद्यार्थिनीचा अर्ज साधारण असा होईल:

‘मा. लेखापाल यांस. विषय: फीची रक्कम खात्यातून वजा होऊनही पावती न मिळाल्याबाबत. मी द्वितीय वर्षाची विद्यार्थिनी असून माझा नोंदणी क्रमांक सोबत दिला आहे. दिनांक १४ ऑगस्ट २०२५ रोजी रात्री ११.४७ वाजता कॉलेजच्या पोर्टलवरून वडिलांच्या बँक खात्यातून यूपीआयद्वारे रु. ४२,३५० भरले. ऑर्डर क्रमांक व यूपीआय संदर्भ क्रमांक 522698471306 सोबत दिले आहेत. पोर्टलवर व्यवहार Pending दिसतो. आज दिनांक १८ ऑगस्टपर्यंत ही रक्कम खात्यात परत आलेली नाही. स्टेटमेंटची प्रत जोडली आहे. गेटवेच्या नोंदीत या ऑर्डरची पडताळणी करून, व्यवहार यशस्वी असल्यास पावती द्यावी, नसल्यास तसे लेखी कळवावे. निर्णय होईपर्यंत फी मुदतीत भरण्याचा प्रयत्न झाल्याची नोंद घ्यावी व विलंब शुल्क लावू नये, ही विनंती.’

यातली शेवटची दोन वाक्यं फार महत्त्वाची. ‘यशस्वी नसल्यास लेखी कळवा’ हे मागितल्यामुळे कॉलेजकडून उत्तर काहीही आलं तरी ते पुढे कामाला येतं. व्यवहार अयशस्वी होता असं कॉलेजने लिहून दिलं, तर तोच कागद बँकेपुढे ठेवता येतो. विलंब शुल्काचा उल्लेख मुदतीच्या आत केलेला असला, तर नंतर वाद घालायची वेळ येत नाही. पैसे वडिलांच्या, मामाच्या किंवा मित्राच्या खात्यातून गेले असतील तर ते अर्जात स्पष्ट लिहावं. कॉलेज विद्यार्थ्याच्या नावाने शोधत असतं आणि बँकेच्या नोंदीत नाव भलत्याचंच असतं, हा गोंधळ तिथेच मिटतो.

एवढ्यावर बरीच प्रकरणं सुटतात. गेटवेवर व्यवहार यशस्वी असेल तर कॉलेजला किंवा पोर्टल चालवणाऱ्या कंपनीला तो विद्यार्थ्याच्या नावावर चढवता येतो, आणि पावती निघते. पावतीवर तारीख कोणती टाकली आहे ते मात्र पाहून घ्यावं. व्यवहार १४ तारखेचा आणि पावती २२ तारखेची असेल, तर व्यवहाराची तारीख आणि संदर्भ क्रमांक पावतीवर यायला हवेत. शिष्यवृत्तीच्या अर्जाला, शैक्षणिक कर्जाच्या फाइलला किंवा जुन्या करप्रणालीत ८०सीखाली शिकवणी शुल्काची वजावट घ्यायला हीच पावती लागते, आणि तिथे स्टेटमेंटशी ताळमेळ पाहिला जातो.

गेटवेवर व्यवहार अयशस्वी किंवा अपूर्ण दिसला, तर प्रश्न बँकेच्या दारात जातो. इथे रिझर्व्ह बँकेचं २० सप्टेंबर २०१९चं परिपत्रक उपयोगी पडतं. ते १५ ऑक्टोबर २०१९पासून लागू आहे. यूपीआयने एखाद्या संस्थेला किंवा दुकानाला पैसे देताना खात्यातून रक्कम गेली पण समोरच्याला खात्रीचा निरोप मिळाला नाही, तर ती रक्कम व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत आपोआप परत व्हायला हवी. ऑनलाइन कार्ड पेमेंटलाही हीच मुदत आहे. त्यानंतरच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते, आणि ती ग्राहकाने मागण्याची वाट न पाहता द्यायची असते. हे दिवस कॅलेंडरचे आहेत, रविवार आणि सुट्ट्या वगळायच्या नाहीत.

उदाहरणात व्यवहार १४ ऑगस्टचा, म्हणजे मुदत १९ ऑगस्टला संपते. समजा पैसे २६ ऑगस्टला परत आले, तर २० ते २६ असे सात दिवस उशीर झाला आणि ७०० रुपये भरपाई मिळायला हवी. नेट बँकिंगचा मात्र या परिपत्रकाच्या तक्त्यात स्वतंत्र उल्लेख नाही, त्यामुळे त्या मार्गाने पैसे भरणाऱ्याने ही मुदत गृहीत धरू नये. आणि व्यवहार गेटवेवर यशस्वी झाला असेल, तर बँक ‘आमच्याकडे यशस्वी आहे’ असंच सांगणार. तेव्हा बँकेशी भांडण्यात आठवडा घालवण्यापेक्षा बँकेचं तेच उत्तर लेखी घेऊन कॉलेजकडे जावं. पैसे पुढे पोहोचल्याची ती बँकेची साक्ष आहे.

तक्रार नोंदवण्याचा क्रमही ठरलेला आहे. यूपीआयच्या बाबतीत आधी ज्या ॲपवरून पैसे भरले त्याच ॲपमध्ये तो व्यवहार उघडून तक्रार करायची. ती यूपीआय चालवणाऱ्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनच्या तक्रार-व्यवस्थेत नोंदली जाते आणि व्यवहाराची खरी स्थिती काही वेळा तिथेच कळते. समाधान झालं नाही तर आपल्या बँकेकडे लेखी तक्रार करून तक्रार क्रमांक घ्यायचा. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in या संकेतस्थळावर तक्रार करता येते. त्यासाठी शुल्क नाही. १४४४८ या क्रमांकावर माहिती मिळते. बँकेकडे आधी तक्रार न करता थेट लोकपालाकडे गेलं, तर तक्रार स्वीकारली जात नाही, म्हणून पहिल्या तक्रारीचा क्रमांक आणि तारीख जपून ठेवावी.

मधल्या काळात सगळ्यात मोठा पेच असतो तो पुन्हा पैसे भरायचे की नाही याचा. घाबरून दहा मिनिटांत दुसऱ्यांदा भरलेले पैसे नंतर सोडवून घेताना नाकीनऊ येतात, कारण पहिला व्यवहार तासाभराने यशस्वी झालेला असतो आणि दोन्ही रकमा कॉलेजकडे जातात. मुदतीला तीन-चार दिवस असतील तर दुसरा प्रयत्न करू नये. पोर्टलवर ‘व्हेरिफाय पेमेंट’सारखी सोय असेल तर ती वापरून पाहावी, आणि कामकाजाच्या पहिल्या दिवशी कॉलेजला अर्ज द्यावा.

पण मुदत त्याच दिवशी संपत असेल आणि फी न भरल्याने जागाच जाणार असेल, तर हिशेब बदलतो. राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश फेऱ्यांमध्ये ठरलेल्या वेळेत जागा स्वीकारून शुल्क भरलं नाही, तर ती जागा हातची जाऊ शकते, आणि ती बँकेच्या भरपाईने परत येत नाही. अशा वेळी पैशांची सोय होत असेल तर दुसऱ्यांदा भरावं. त्याआधी किंवा त्याच दिवशी पहिल्या व्यवहाराचा तपशील ईमेलने कळवावा आणि ‘दोन्ही रकमा जमा झाल्यास एक परत करावी’ असं लिहावं. दुसऱ्यांदा भरताना शक्य असेल तर मार्ग बदलावा. कॉलेज डिमांड ड्राफ्ट किंवा थेट खात्यावर एनईएफटी स्वीकारत असेल तर तो चांगला पर्याय आहे. एनईएफटीला यूटीआर क्रमांक मिळतो, आणि रक्कम कॉलेजच्या स्टेटमेंटमध्ये पाठवणाऱ्याच्या नावासह स्वतंत्र ओळीत दिसते, त्यामुळे ती सेटलमेंट रिपोर्टमध्ये शोधावी लागत नाही. शिक्षण संस्थांच्या फीसाठी यूपीआयची मर्यादा पाच लाख रुपयांपर्यंत वाढवण्याचा निर्णय रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२३मध्ये जाहीर केला होता, पण रात्री उशिरा, शेवटच्या तासात एवढी मोठी रक्कम यूपीआयने भरण्याचा धोका त्यामुळे कमी झालेला नाही.

जास्तीचे पैसे परत मिळतात ते नियमाने ज्या मार्गाने आले त्याच मार्गाने. यूपीआयने भरलेले त्याच बँक खात्यात, कार्डने भरलेले त्याच कार्डावर. कॉलेज किंवा गेटवे ‘परत पाठवले’ असं म्हणत असेल आणि खात्यात दिसत नसेल, तर परताव्याचा क्रमांक मागावा. यूपीआयला आरआरएन असतो, तर कार्डाच्या परताव्याला २३ आकडी एआरएन. तो क्रमांक दिला की कार्ड देणाऱ्या बँकेला परतावा शोधता येतो. क्रमांक देता येत नसेल, तर परतावा निघालाच नसण्याची शक्यता मोठी.

या सगळ्या घालमेलीत फसवणूक करणारेही टपलेले असतात. पैसे अडकल्यावर माणूस पहिल्यांदा इंटरनेटवर ‘कस्टमर केअर नंबर’ शोधतो, आणि तिथे भामट्यांनी टाकलेले क्रमांक वर येऊ शकतात. पलीकडचा माणूस गोड बोलून स्क्रीन दिसेल असं ॲप टाकायला सांगतो, किंवा ‘परतावा घेण्यासाठी पिन टाका’ म्हणतो. पैसे मिळवण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही. बँकेचा क्रमांक कार्डाच्या मागून किंवा पासबुकावरून घ्यावा. गेटवे कंपनीला तक्रार अधिकाऱ्याचा तपशील स्वतःच्या संकेतस्थळावर ठळक द्यावा लागतो, तो तिथूनच घ्यावा. फसवणूक झालीच तर उशीर न करता १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवावं.

गेटवेच्या नोंदीत पैसे जमा असल्याचं स्पष्ट होऊनही कॉलेज पावती देत नसेल, पुन्हा फी मागत असेल, किंवा फी बाकी म्हणून हॉल तिकीट अडवत असेल, तर विषय लेखा विभागाच्या पलीकडे न्यावा लागतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३च्या विद्यार्थी तक्रार निवारण नियमांनुसार संस्थांमध्ये विद्यार्थी तक्रार निवारण समिती असायला हवी. ठरलेल्यापेक्षा जास्त पैशांची मागणी ही त्या नियमांत तक्रारीची बाब आहे. समितीने शक्यतो १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यावा, असं नियम सांगतात, आणि त्यावर समाधान न झालेल्या विद्यार्थ्याला विद्यापीठ पातळीवरच्या लोकपालाकडे जाता येतं. तिथे मांडायला हाताशी काय असावं? ऑर्डर क्रमांक, आरआरएन, पैसे परत न आल्याचं दाखवणारं स्टेटमेंट, बँकेचं किंवा ॲपचं ‘व्यवहार यशस्वी’ असं लेखी उत्तर, आणि पोच असलेला कॉलेजचा अर्ज. हे पाच कागद तारखेच्या क्रमाने लावले, की वाद बराचसा सोपा होतो.

पावती हातात पडल्यावरही महिनाभर खात्यावर लक्ष ठेवायला हवं. एखाद्या वेळी कॉलेज चौकशी करून पावती देतं आणि तिकडे बँकेची किंवा गेटवेची आपोआप परतीची प्रक्रिया चालूच असते. काही दिवसांनी ४२,३५० रुपये खात्यात परत येतात. घरच्यांना वाटतं, बरं झालं, आणि ते पैसे खर्च होऊन जातात. सत्राच्या शेवटी कॉलेजच्या ताळमेळात ती फी न मिळालेली निघते, पावती रद्द होते आणि ऐन परीक्षेच्या तोंडावर थकबाकीची नोटीस येते. पैसे असे परत आलेच, तर त्याच दिवशी कॉलेजला परताव्याच्या क्रमांकासह लेखी कळवावं, नव्याने फी भरावी, आणि विलंब शुल्काचा प्रश्न निघाला तर १८ ऑगस्टची पोच पुढे ठेवावी.